बिल नेमकं अडकलंय कुठं?

माल देऊन पाच महिने झाले, बिलाचे पैसे आलेले नाहीत, आणि त्याच कंपनीची पुढची ऑर्डरही हातातून जाऊ द्यायची नाही. भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली किंवा हिंगणा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार या पेचातून जातो. मागावं तर ‘साहेबांना राग येईल’ ही धास्ती, आणि न मागावं तर पगार कशातून करायचे हा प्रश्न. यात दोन टोकं गाठली जातात. काही जण महिनोन्‌महिने ‘साहेब, जरा बघा ना’ एवढंच म्हणत राहतात. मग एक दिवस सहनशक्ती संपते आणि तेच एकदम वकिलाची नोटीस पाठवतात. पहिल्या मार्गानं पैसे येत नाहीत. दुसऱ्या मार्गानं कधीकधी पैसे येतात, पण पार्टी जाते.

या दोन टोकांच्या मध्ये वसुलीची एक सरळ पद्धत आहे. ती समजण्यासाठी एक उदाहरण रचून शेवटपर्यंत नेऊ. भोसरीतला एक लघुउद्योजक पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. चाकणची एक कंपनी विजेचे कंट्रोल पॅनल तयार करते आणि हे ब्रॅकेट त्याच्याकडून घेते. १२ जून २०२५ रोजी त्यानं ८,००० नग पाठवले. दर ५० रुपये, म्हणजे मालाची किंमत चार लाख. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२,००० धरून बिल झालं ४,७२,००० रुपयांचं. पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, ‘पेमेंट ९० दिवसांत’ असं छापलेलं होतं. नोव्हेंबर उजाडला तरी खात्यावर एक रुपया आलेला नाही.

एक गोष्ट इथंच लक्षात घ्यावी. बिलातले ७२,००० रुपये उद्योजकाचे नव्हतेच, ते सरकारचे होते. आणि ते त्यानं जुलैमध्ये जूनचं विवरणपत्र भरताना स्वतःच्या खिशातून भरलेही. म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे थकवले तेव्हा त्याचे मालाचे चार लाख तर अडकलेच, शिवाय कंपनीच्या वतीनं भरलेला करही अडकला. त्यामुळे हे पैसे मागताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

‘बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातात बिल नसतं

आपला उद्योजक ऑगस्टपासून दर आठवड्याला पर्चेसच्या साहेबांना फोन करत होता. ऑर्डर त्यांनीच दिली, ओळख त्यांच्याशीच. दर वेळी उत्तर तेच: ‘बघतो, सोमवारी सांगतो.’ साहेब खोटं बोलत नव्हते. पण मोठ्या कंपनीत पर्चेसचं काम ऑर्डर देऊन माल येईपर्यंतचं असतं. पैसे सोडणं हे अकाउंट्सचं काम, आणि त्या दोघांच्या मध्ये स्टोअर आणि क्वालिटी ही आणखी दोन दारं असतात.

बिलाचा प्रवास साधारण असा होतो. माल गेटवर येतो, तिथं चलनावर शिक्का बसतो. स्टोअर नग मोजून माल आल्याची पावती तयार करतं, तिला सगळे जीआरएन म्हणतात. क्वालिटी माल तपासून पास किंवा रिजेक्ट करते. मग अकाउंट्स तीन कागद शेजारी ठेवतं: पीओ, जीआरएन आणि बिल. तिन्हींत नग, दर आणि रक्कम जुळली तर बिल ‘बुक’ होतं आणि ठरलेल्या तारखेच्या पेमेंट रनमध्ये जातं. एकही आकडा जुळला नाही तर संगणक ते बिल रोखून धरतो. बिल होल्डवर गेलंय हे पुरवठादाराला बहुतेक वेळा कुणी कळवत नाही, कारण कळवणं हे नेमून दिलेलं कुणाचंच काम नसतं.

म्हणून तगाद्याचा पहिला प्रश्न ‘पैसे कधी मिळतील?’ हा नसावा. त्याला ‘लवकरच’ हे उत्तर तयार असतं. प्रश्न असा हवा: ‘१२ जूनचं बिल बुक झालंय का? नसेल तर कुठल्या कारणानं होल्डवर आहे?’ आणि तो पर्चेसच्या साहेबांना न विचारता अकाउंट्समध्ये बिलं पाहणाऱ्या व्यक्तीला विचारावा. पर्चेसच्या साहेबांना आधी सांगून ठेवावं: ‘सर, तुम्हाला सारखा त्रास नको, मी अकाउंट्समध्ये बिलाची स्थिती विचारून घेतो.’ मग त्यांना डावलल्यासारखं वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

आपल्या उद्योजकानं २० नोव्हेंबरला अकाउंट्सच्या मॅडमना हा प्रश्न विचारला तेव्हा दोन मिनिटांत उत्तर मिळालं. बिल ८,००० नगांचं, जीआरएन ७,६०० नगांची. जूनमध्ये ४०० नगांची भोकं मापात नव्हती म्हणून १८ जूनला मेल करून ते रिजेक्ट केले होते. त्यानं ते २४ जूनला बदलूनही दिले. पण बदलीचा माल साध्या डिलिव्हरी चलनावर गेला, आणि स्टोअरनं जीआरएनमध्ये त्याची नोंद केलीच नाही. ४०० ब्रॅकेटसाठी ८,००० ब्रॅकेटचं बिल पाच महिने पडून होतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता, कुणी पैसे बुडवायलाही बसलं नव्हतं.

सगळी प्रकरणं इतकी निष्पाप नसतात. पण थकलेल्या बिलामागची कारणं ढोबळमानानं चार असतात. एक, कागद अडकलाय. दोन, मालावरून किंवा दरावरून खरा वाद आहे. तीन, गिऱ्हाइकाकडेच पैसे नाहीत. चार, पैसे आहेत पण देण्याची घाई नाही, कारण उशीर केला तरी हा पुरवठादार काही बोलत नाही हे अनुभवानं कळलंय. चारही प्रकारांत फोनवर ऐकू येतं ते ‘बघतो’ हेच. नातं बिघडतं ते बहुधा एका प्रकारचं औषध दुसऱ्याला दिल्यामुळे. कागद अडकलेल्याला धमकी दिली की माणूस दुखावतो. टाळाटाळ करणाऱ्याची विनवणी केली की तो आणखी निवांत होतो.

पहिल्या प्रकारातली आणखी एक नेहमीची अडचण जीएसटीची असते. आपण बिल विवरणपत्रात उशिरा दाखवलं, किंवा गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक चुकवला, तर ते बिल त्याच्या पोर्टलवरच्या २बी तक्त्यात दिसत नाही. तिथं दिसल्याशिवाय त्याला कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणून अकाउंट्स पैसे धरून ठेवतं. फोन करण्याआधी आपल्या बाजूचं हे एवढं तपासून घ्यावं.

असा मेल, ज्यावर समोरच्याला काम करता येईल

कारण कळल्यावर त्याच दिवशी ते लेखी कळवावं. मेल छोटा असावा, आणि वाचणाऱ्याला तो पुढं पाठवून काम करून घेता यावं. आपल्या उद्योजकानं लिहिलेला मेल असा:

‘नमस्कार मॅडम. १२ जून २०२५ चे आमचे ४,७२,००० रुपयांचे बिल जीआरएनमध्ये ७,६०० नग दिसत असल्याने होल्डवर आहे, असे आज आपल्याशी बोलताना समजले. नाकारलेले ४०० नग आम्ही २४ जूनला बदलून दिले होते. गेटचा शिक्का असलेले चलन सोबत जोडले आहे. त्यावरून स्टोअरकडून नोंद पूर्ण करून घ्यावी, ही विनंती. नोंदीला वेळ लागणार असल्यास ७,६०० नगांचे ४,४८,४०० रुपये पुढच्या पेमेंट रनमध्ये घ्यावेत आणि उरलेले २३,६०० नोंद झाल्यावर द्यावेत. या बिलाला ९ डिसेंबरला १८० दिवस होत आहेत. त्याआधी पेमेंट झाल्यास आपल्याला घेतलेले कराचे क्रेडिट परत करावे लागणार नाही. पेमेंट रनची तारीख कळवावी. मी मंगळवारी फोन करतो.’

या मेलमध्ये तक्रारीचा एक शब्द नाही. ‘पाच महिने हेलपाटे घालतोय’ असंही कुठं म्हटलेलं नाही. पुरावा जोडलेला आहे, करायचं काम सांगितलेलं आहे, आणि ते न जमल्यास दुसरा रस्ताही दिलेला आहे. वाद नसलेली रक्कम वेगळी काढणं हे यातलं सर्वांत कामाचं पाऊल. वाद चारशे नगांचा असेल तर पैसे चारशे नगांचेच अडावेत. माल खरोखर कमी गेला असेल किंवा खराब निघाला असेल, तर तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट आपणहून द्यावी. २३,६०० रुपयांसाठी साडेचार लाख अडवून ठेवण्यात शहाणपण नाही.

मेलमधली १८० दिवसांची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जीएसटी कायद्यानुसार बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर खरेदीदारानं त्या बिलावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण तोवर रोकड गुंतून पडते. इथं ती रक्कम ७२,००० रुपये होती. अकाउंट्सच्या माणसाला ही तारीख आठवण करून दिली तर तो रागावत नाही. हे त्याचंच काम असतं आणि ऑडिटमध्ये त्यालाच विचारलं जातं. आपली मागणी त्याच्या हिताच्या तारखेला जोडली गेली की तिचा सूर आपोआप सौम्य राहतो आणि वजन वाढतं.

४५ दिवसांचा कायदा कधी आणि कसा सांगायचा

बऱ्याच उद्योजकांना वाटतं की पीओवर ९० दिवस छापलेत आणि आपण ती मान्य केली, म्हणजे विषय संपला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बाबतीत हे खरं नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सांगतो की लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करारच नसेल तर ती १५ दिवसांची असते. माल पोचला तो दिवस स्वीकाराचा. मात्र खरेदीदारानं १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल, तर पुरवठादारानं ती हरकत दूर केल्याचा दिवस धरायचा.

आपल्या उदाहरणात हरकत १८ जूनला आली आणि २४ जूनला दूर झाली. तेव्हा स्वतःच्या सोयीची १२ तारीख सोडून २४ जून धरावी. हिशेब करताना वादाला जागा देणारी तारीख घेतली की सगळी चर्चा त्या तारखेवरच घसरते. २४ जूनपासून ४५ दिवस म्हणजे ८ ऑगस्ट. त्यानंतरच्या उशिराला हा कायदा रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लावतो. २०२५ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला १७.२५ टक्के. ४,७२,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचं व्याज ६,७८५ रुपये आणि ८ नोव्हेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांचं सुमारे २०,६५० रुपये झालं.

हा आकडा माहीत असावा, पण पहिल्या मेलमध्ये टाकू नये. कागद अडकलेल्या माणसाला व्याजाचा हिशेब पाठवला तर तो मेल लगेच त्यांच्या विधी विभागाकडे जातो आणि साधी नोंद करण्याचं काम बाजूला पडतं. व्याज तोलून धरायची गोष्ट आहे. दोन तारखा पाळल्या गेल्या नाहीत तर तिसऱ्या पत्रात लिहावं: ‘कायद्यानुसार आजवरचे व्याज इतके होते. मूळ रक्कम अमुक तारखेपर्यंत जमा झाल्यास आम्ही व्याजाचा आग्रह धरणार नाही.’ त्यामुळे समोरच्याला वरिष्ठांपुढं सांगायला काहीतरी मिळतं: आज दिले तर वीस हजार वाचतात. मात्र पैसे हातात येण्याआधी ‘व्याज सोडले’ असं लिहून देऊ नये.

याहून प्रभावी ठरणारी तरतूद आयकराची आहे. ४३बी(एच) या नावानं ती सगळ्या अकाउंट्स विभागांना माहीत आहे आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्यातल्या मुदतीनंतरही थकलेले असतील आणि ३१ मार्चपर्यंत दिले नसतील, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच त्याला वजावट मिळते. चार लाखांचा खर्च वजा झाला नाही, तर सुमारे पंचवीस टक्क्यांनी कर भरणाऱ्या कंपनीला त्या वर्षी लाखभर रुपयांचा कर जादा भरावा लागतो. म्हणून जुनी थकबाकी फेब्रुवारीत मांडली तर तिच्याकडे जितकं लक्ष जातं तितकं एप्रिलमध्ये जात नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच हे संरक्षण मिळतं, मध्यम उद्योगांना नाही. नोंदणी असलेल्या घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांनाही उशिराच्या पेमेंटचं हे कवच मिळत नाही. नोंदणी माल देण्याआधीची असावी. नंतर काढलेल्या नोंदणीच्या जोरावर जुन्या बिलाचा दावा केला तर तिथंच वाद सुरू होतो. सर्वांत सोपं म्हणजे उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पार्टीला एका पत्रानं कळवावा. पैसे थकण्याआधी कळवलेली गोष्ट माहिती म्हणून वाचली जाते. थकल्यानंतर तीच गोष्ट धमकी वाटते.

पैसेच नसतील तर

कागद दुरुस्त झाले, कुणी वाद काढत नाही, तरी तारीख पुढं पुढं जातेय, अशी वेळ आली तर तिसऱ्या प्रकाराचा संशय घ्यावा. खुणा ओळखता येतात. नेहमी फोन उचलणारा माणूस उचलेनासा होतो. दुसरे पुरवठादारही तेच सांगतात. पेमेंट तुकड्यातुकड्यांनी, गोल आकड्यांत येऊ लागतं. आणि सर्वांत फसवी खूण म्हणजे जुने पैसे थकलेले असताना नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर येते. बाकीच्यांनी माल थांबवलेला असतो, म्हणून ती आपल्याकडे आलेली असते.

अशा वेळी समोर बसून बोलावं, आणि मालकानं मालकाशी बोलावं. फोनवर अब्रू राखायला खोटं बोलणारा माणूस समोरासमोर बरंच खरं बोलतो. ‘साहेब, एकदम जमत नसेल तर किती जमेल ते सांगा, आपण हप्ते पाडू’ असं म्हटलं तर त्याची मान खाली जात नाही. उदाहरणार्थ, चार लाख बहात्तर हजारांचे तीन हप्ते, प्रत्येकाची तारीख ठरलेली, आणि सोबत एका पानाची शिल्लक खातरजमा. त्या पानावर ‘आजअखेर आपले इतके रुपये देणे आहे’ हे वाक्य, कंपनीचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही.

ही सही नात्याच्या आड येत नाही, वर्षअखेरीला ऑडिटर ती मागतातच. पण कायद्यात तिचं मोल मोठं आहे. येणं वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीच्या आत देणेकऱ्यानं सही करून देणं मान्य केलं, तर तेव्हापासून नवी मुदत मोजली जाते. नातं जपायच्या भरात तीन वर्षं काहीच लेखी न घेणाऱ्याचं नातं टिकतं की नाही ते सांगता येत नाही, पण दावा मात्र जातो.

नव्या मालाचं काय करायचं, हा यातला अवघड भाग. पूर्वसूचना न देता गाडी थांबवली आणि त्यामुळे त्यांची असेंब्ली लाइन बंद पडली, तर पर्चेसच्या साहेबांची नोकरी अडचणीत येते. ते ही गोष्ट विसरत नाहीत. पण उधारीवर माल देत राहणंही चूक आहे. त्यामुळे पंधरा दिवस आधी लेखी कळवावं की अमुक तारखेपासून नवा माल आगाऊ पैसे मिळाल्यावर निघेल, आणि प्रत्येक गाडीसोबत जुन्या बाकीतले ठरलेले इतके पैसे यावेत. असं केलं की पुरवठा सुरू राहतो, जुनी बाकी उतरत जाते आणि समोरच्याला तयारीला वेळ मिळतो. ठरलेली तारीख आली की शब्दाप्रमाणे वागावं. एकदा ‘या वेळेपुरतं’ म्हणून गाडी सोडली की पुढच्या पत्राला किंमत राहत नाही.

चौथ्या प्रकाराला, म्हणजे पैसे असून न देणाऱ्याला, हप्ते देऊ नयेत. त्याच्याकडे मागणीची पायरी ठरावीक अंतरानं वर न्यावी: अकाउंट्स, मग अकाउंट्सचे प्रमुख, मग संचालक. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीवरच्या माणसाला आगाऊ सांगावं: ‘मॅडम, दोन तारखा गेल्या, आता मला तुमच्या साहेबांना लिहावं लागेल. तुम्ही मदत केलीत हे त्यात लिहीन.’ पाठीमागून वार झाल्याची भावना राहिली नाही तर पुढच्या वर्षीही त्या मॅडम आपला फोन उचलतात. व्हॉट्सअ‍ॅप गटात नाव घेणं, दुसऱ्या पुरवठादारांपुढं चर्चा करणं, गेटवर जाऊन बसणं यांतून पैसे येत नाहीत आणि नाव मात्र दोघांचंही खराब होतं.

शेवटची पायरी

हे सगळं करून उत्तर आलं नाही, तर लघुउद्योजकाला सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. तो राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातो. परिषद आधी दोघांना समोरासमोर बसवून तडजोडीचा प्रयत्न करते आणि ती न झाल्यास लवादानं निर्णय होतो. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ लागतो. पोर्टलचा खरा उपयोग वेगळा आहे. निर्णय विरुद्ध गेला आणि कोर्टात आव्हान द्यायचं झालं, तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. हे ठाऊक असलेल्या कंपन्या अर्जाची नोटीस आल्यावर बोलणी करायला तयार होतात. त्यामुळे अर्ज करण्याआधी सात दिवसांची शेवटची तारीख देऊन तसं स्पष्ट कळवावं. बरीच प्रकरणं त्या सात दिवसांतच मिटू शकतात.

उद्यम नोंदणी नसलेल्यांना किंवा व्यापाऱ्यांना दिवाणी मार्ग असतो. तीन लाखांपासून वरच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर, दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणं कायद्यानंच बंधनकारक केलं आहे. तिथंही बोलण्याची एक संधी असतेच.

चाकणच्या कंपनीत एवढ्यापर्यंत जावं लागलं नाही. चलन पाहून पर्चेसच्या साहेबांनीच स्टोअरला फोन लावला. ५ डिसेंबरच्या पेमेंट रनमध्ये ४,४८,४०० रुपये जमा झाले, उरलेले २३,६०० जीआरएन दुरुस्त झाल्यावर आले. उद्योजकानं व्याजाचा विषय काढला नाही. त्यानं दोन गोष्टी बदलून घेतल्या. बदलीचा माल मूळ पीओचा क्रमांक घालूनच जाईल आणि त्याची जीआरएनची प्रत तो त्याच आठवड्यात मागून घेईल. आणि नव्या पीओवर ९० ऐवजी ४५ दिवस छापलं गेलं. पैसे आल्यानंतरच्या आठवड्यात मागितल्यानं ते सहज मिळालं. थकबाकीच्या भांडणात मागितलं असतं तर कदाचित मिळालं नसतं.

वसुलीचं काम पैसे थकल्यावर सुरू करायचं नसतं. माल पोचल्यावर आठवड्यानं एक फोन: ‘जीआरएन झाली का, नग बरोबर आहेत का?’ तिसऱ्या आठवड्यात दुसरा: ‘बिल बुक झालं का?’ चाळिसाव्या दिवशी तिसरा: ‘कुठल्या पेमेंट रनमध्ये आहे?’ या तीन फोनांत पैसे मागितलेलेच नाहीत, त्यामुळे कुणी दुखावत नाही. भोसरीच्या कारखानदारानं जूनमध्ये पहिला फोन केला असता तर चारशे ब्रॅकेटची चूक त्याच आठवड्यात सापडली असती. तुमच्या खातेउताऱ्यातलं सर्वांत जुनं बिल आज काढा, अकाउंट्सला फोन लावा, आणि ते कुठं अडकलंय एवढंच विचारा.